शीर्षक बदललं, सीटीआर ३.१ वरून ४.४ वर गेला. श्रेय नक्की कोणाचं?

भुईकाटा
रामराम मंडळी. सांगलीतून शेतीच्या माहितीची साइट चालवतो, ३६ पिकांची पानं आहेत. हळद लागवडीच्या पानाचं शीर्षक ५ मे २०२५ ला, सोमवारी बदललं.

जुनं: हळद लागवड संपूर्ण माहिती
नवं: हळद लागवड: एकरी किती बेणे, कधी लावायची, खर्च किती

पानातल्या मजकुराला हात लावलेला नाही. सर्च कन्सोलमध्ये त्या एका पानाचे आकडे असे दिसतात:

७ एप्रिल ते ४ मे: इम्प्रेशन १०,०००, क्लिक ३१०, सीटीआर ३.१ टक्के, सरासरी पोझिशन ८.१
१२ मे ते ८ जून: इम्प्रेशन १४,०००, क्लिक ६१६, सीटीआर ४.४ टक्के, सरासरी पोझिशन ७.०

मधला एक आठवडा मुद्दाम सोडला, गूगलला नवं शीर्षक उचलायला वेळ लागतो म्हणून. दोन्हीकडे २८ दिवस, सोमवार ते रविवार. इम्प्रेशनचे आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून शेकड्यात गोल केलेत. प्रश्न एवढाच की उरलेल्या ३५ पानांची शीर्षकं याच धर्तीवर बदलू का?

वाईकर
शीर्षक म्हणजे टायटल, म्हणून मला वाटलं जमिनीचा धागा आहे. टायटल क्लिअर पाहिजे असेल तर ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा, फेरफार बघा, बोजा बघा. वकिलाशिवाय पुढं जाऊ नका.

नाना मिरजकर
वाईकर, इथं सर्च रिपोर्ट १६ महिन्यांचाच मिळतो. त्याच्या आधीचा फेरफार गूगलकडं मागू नका. :)

आकडेबहाद्दर
भुईकाटा, अभिनंदन. दोन प्रमाणांची साधी चाचणी लावली. १०,००० पैकी ३१० आणि १४,००० पैकी ६१६. झेड ५ च्या वर येतो. असा फरक योगायोगानं पडण्याची शक्यता लाखात एकही नाही. शीर्षक जिंकलं, ३५ पानं बिनधास्त बदला. वरून पोझिशनही सुधारली आहे, म्हणजे गूगललाही ते आवडलंय.

घाटमाथा
गूगल नवं शीर्षक दाखवतोय का, हे बघितलंत का? नसेल तर पुढची सगळी चर्चा हवेत.

तासगावची मनुका
आकडेबहाद्दर यांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. फरक योगायोगाचा नाही एवढंच ती चाचणी सांगते. फरक कशामुळे पडला हे ती सांगत नाही. दोन्ही महिन्यांत शीर्षक सोडून बाकी सगळं सारखं होतं, असं तुम्ही मनात धरून चालला आहात.

आता तारखा बघा. यंदा अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. आपल्याकडं हळदीची लागवड तिथून पुढं सुरू होते. एप्रिलमध्ये "हळद लागवड" असं शोधणारा माणूस नुसता विचार करत असतो. मे अखेरीला शोधणाऱ्याचे वाफे पाडून तयार असतात आणि त्याला एकरी किती बेणे लागेल एवढंच हवं असतं. दुसरा माणूस क्लिक करतोच, मग शीर्षक काहीही असो. त्यामुळं माणसं बदलली की शीर्षक बदललं, हे आधी वेगळं करायला हवं.

भुईकाटा, एक काम करा. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये पानाचा फिल्टर तसाच ठेवा आणि क्वेरीच्या फिल्टरमध्ये रेगेक्सचा पर्याय घेऊन हे टाका:

```
बेणे|बेने|बियाणे|एकरी|bene|biyane|ekari
```

जुळणाऱ्यांचे क्लिक आणि इम्प्रेशन लिहून घ्या. मग तोच रेगेक्स "न जुळणारे" असा उलटा लावा आणि तेही लिहून घ्या. दोन्हींची बेरीज पानाच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरेल. घाबरू नका. फार थोड्या लोकांनी शोधलेल्या क्वेऱ्या गूगल खासगीपणासाठी लपवतो. एकूण बेरजेत त्या धरलेल्या असतात, पण क्वेरीचा फिल्टर लावला की गळतात. एकूणातून दोन्ही वजा केल्यावर जे उरेल तो तिसरा गट. दोन्ही कालावधींसाठी हे करा आणि इथं टाका.

कंदी पेढा
ताई, मध्येच विचारतो. साताऱ्यात आमचं पेढ्याचं दुकान आहे, साइट छोटीशी. महिन्याला ४०० इम्प्रेशन. शीर्षकात "घरपोच" टाकलं तर क्लिक १२ चे १८ झाले, म्हणजे ५० टक्के वाढ. आमच्याकडं हंगाम वगैरे काही नाही, पेढा बारमाही. मग हे तरी शीर्षकाचंच ना?

तासगावची मनुका
पेढेवाले, तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि उत्तर छोटं आहे. क्लिकच्या आकड्याचं वर्गमूळ काढा. १२ चं साडेतीनच्या आसपास येतं. काहीही न बदलता तोच आकडा एका महिन्यात ८ आणि दुसऱ्यात १६ येऊ शकतो, आणि १८ आला तरी नवल नाही. ६ क्लिकच्या फरकावर काही ठरवता येत नाही. त्यातही दुकानाच्या नावानं शोधणारे किती, ते बघा. नाव टाकून येणारा शीर्षक वाचत बसत नाही, तो येतोच. ते वगळले तर तुमच्याकडं मोजण्याइतकं काही उरेल असं वाटत नाही. "घरपोच" खरं असेल तर शीर्षकात राहू द्या, फक्त त्याला चाचणी म्हणू नका.

नाना मिरजकर
पेढा बारमाही, पण शोधणारे राखीपौर्णिमेला जास्त.

भुईकाटा
ताई, काढले. १ मध्ये बेणे-एकरी वाल्या क्वेऱ्या, २ मध्ये दिसणाऱ्या बाकीच्या ("हळद लागवड", "halad lagwad", "हळद पीक माहिती" असल्या), ३ म्हणजे लपलेल्या.

आधी:
१) इम्प्रेशन १,०००, क्लिक ८०
२) इम्प्रेशन ६,०००, क्लिक १२०
३) इम्प्रेशन ३,०००, क्लिक ११०

नंतर:
१) इम्प्रेशन ४,०००, क्लिक ३२८
२) इम्प्रेशन ६,०००, क्लिक १२६
३) इम्प्रेशन ४,०००, क्लिक १६२

पहिल्या गटाची पोझिशन दोन्ही वेळा ३ च्या आसपास, दुसऱ्याची दोन्ही वेळा ९ च्या आसपास. हे बघून जरा खट्टू झालोय.

तासगावची मनुका
खट्टू होऊ नका, आकडे तुमच्याशी प्रामाणिक आहेत. एकेका गटाचा सीटीआर बघा. बेणेवाला ८.० वरून ८.२ झाला. बाकीचा २.० वरून २.१. लपलेला ३.७ वरून ४.०५. कुठल्याही गटात तुमच्या ३.१ ते ४.४ सारखी उडी नाही. पण ज्या गटाचा सीटीआर मुळातच ८ आहे त्याचे इम्प्रेशन चौपट झाले, म्हणून एकूण सरासरी वर गेली.

किती गेली तेही काढता येतं. शीटमध्ये बी आणि सी रकान्यात जुने क्लिक आणि जुने इम्प्रेशन, डी आणि ई मध्ये नवे. मग:

```
=SUMPRODUCT(B2:B4/C2:C4, E2:E4)
```

याचा अर्थ असा की प्रत्येक गटाचा जुनाच सीटीआर राहिला असता तर नव्या इम्प्रेशनवर किती क्लिक आले असते. उत्तर ५८७ येतं. म्हणजे शीर्षकाला हातही लावला नसता तरी सीटीआर सुमारे ४.२ झाला असता. प्रत्यक्षात ६१६ आले. शीर्षकाच्या नावावर लावता येतील असे जास्तीत जास्त २९ क्लिक.

आता हे २९ तरी खरे का? ५८७ हा आकडाच डळमळीत आहे, कारण त्यातला मोठा वाटा जुन्या ८० क्लिकवर उभा आहे आणि ते आपण चारानं गुणलेत. ८० मध्ये ९ इकडंतिकडं होऊ शकतात, चारानं गुणल्यावर तेच ३६ होतात. नव्या ६१६ चा स्वतःचा हेलकावा २५ चा. सगळं मिळून ४५ च्या आसपासची अनिश्चितता आहे आणि आपण त्यात २९ शोधतोय. शीर्षकानं थोडा फायदा दिला असेल, काहीच दिला नसेल, थोडं नुकसानही केलं असेल. या आकड्यांवरून कळत नाही.

आकडेबहाद्दर
गटांचं मान्य. पण सरासरी पोझिशन ८.१ वरून ७.० झाली त्याचं काय? ती तर गूगलनंच सुधारली ना?

तासगावची मनुका
तीही तशीच भेसळ आहे. सरासरी पोझिशन इम्प्रेशनच्या वजनानं निघते. ३ नंबरवर दिसणाऱ्या क्वेऱ्या आधी १,००० वेळा दिसल्या, आता ४,००० वेळा. ९ नंबरवाल्या तेवढ्याच राहिल्या. लपलेल्यांची पोझिशन उरलेल्या हिशेबातून ८ च्या आसपास निघते, तीही दोन्ही वेळा. एकही क्वेरी जागची हलली नाही, तरी सरासरी एकानं खाली आली. वर्गात चार हुशार मुलं नव्यानं आली की वर्गाची सरासरी वाढते, जुन्या पोरांचा अभ्यास वाढलेला नसतो.

आकडेबहाद्दर
पटलं. झेड मागं घेतो. :(

घाटमाथा
मला पूर्ण पटलेलं नाही. शीर्षकातले शब्द रँकिंगलाही मदत करतात. "एकरी किती बेणे" हे शब्द शीर्षकात आल्यामुळंच बेण्याच्या क्वेऱ्यांवर पान जास्त दिसू लागलं असेल तर? मग हा गटांतला बदल हंगामाचा नाही, शीर्षकाचाच. मनुकाताईंच्या हिशेबात तो फायदा सगळा हंगामाच्या खात्यात जातो. सीटीआर न वाढता क्लिक वाढले, तरी भुईकाट्यांना ते हवेच आहेत.

तासगावची मनुका
हा आक्षेप बरोबर आहे आणि माझ्या हिशेबातली हीच खरी पोकळी आहे. तपासायला तीन जागा आहेत. पहिली, बेण्याच्या गटाची पोझिशन. ती आधीही ३ होती, नंतरही ३. रँकिंग वाढलं असतं तर ती हलायला हवी होती. अर्थात नव्या क्वेऱ्या खालच्या नंबरवर येऊन मिसळल्या असतील तर सरासरीत ते झाकलं जाईल, म्हणून त्या गटातल्या पाच-सहा मोठ्या क्वेऱ्या एकेक करून बघा. दुसरी, मागच्या वर्षीचे हेच आठवडे. तेव्हा शीर्षक जुनं होतं. तेव्हाही बेण्याचे इम्प्रेशन असेच उसळले असतील तर हंगाम. तिसरी, ज्याचं शीर्षक बदललं नाही असं शेजारचं पान.

भुईकाटा, १६ महिन्यांचा डेटा असतो, त्यामुळं मागचा एप्रिल-मे अजून तुमच्या हातात आहे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तो गळेल, आत्ताच उतरवून ठेवा. तुलना करताना तारीख जुळवू नका, वार जुळवा.

कोरेगावचं आलं
तिसऱ्या जागेसाठी आमचं आलं घ्या की! आल्याची लागवडपण एप्रिल-मेतच होते, बेणंच लावतात, शोधणारी माणसंपण बऱ्यापैकी तीच. भुईकाट्यांच्या ३६ पानांत आलं असणारच.

भुईकाटा
आहे हो, आणि त्याला हात लावलेला नाही. आत्ता बघितलं. आले लागवडीचं पान, तेच दोन कालावधी: सीटीआर २.९ वरून ३.८. शीर्षक तेच जुनं, "आले लागवड संपूर्ण माहिती".

मागच्या वर्षीचंपण काढलं, हळदीचं पान, बेण्याचा गट. ८ एप्रिल ते ५ मे २०२४ मध्ये इम्प्रेशन ७००, १३ मे ते ९ जून मध्ये २,६००.

नाना मिरजकर
म्हणजे आल्यानं शीर्षक न बदलता एक टक्का मारला. आल्याच्या शीर्षकाचा सत्कार करा.

तासगावची मनुका
मागच्या वर्षी पावणेचार पट, यंदा चौपट. घाटमाथा यांचा मुद्दा पूर्ण बाद होत नाही, पण त्याला उरलेली जागा फार थोडी आहे.

घाटमाथा
थोडी आहे हे मान्य. पण यंदाचा मे आणि गेल्या वर्षीचा मे सारखा कुठं होता? यंदा मेमध्येच पावसानं झोडपलं, मान्सून २६ मेला मुंबईत दाखल झाला. वाफसा नाही, लागवडी खोळंबल्या. त्यानं शोध वाढले की कमी झाले कुणी सांगावं. पाऊस नसता तर यंदा तिप्पटच झाले असते आणि वरचे शीर्षकाचे, असंही असू शकतं. किंवा बरोबर उलटं.

तासगावची मनुका
असू शकतं. एका पानाच्या आधी-नंतर तुलनेतून हे कधीच सुटणार नाही. आल्याच्या पानावरही तोच पाऊस पडला, एवढाच काय तो आधार.

कंदी पेढा
मग दर आठवड्याला शीर्षक आलटूनपालटून ठेवलं तर? एक आठवडा जुनं, एक आठवडा नवं. हंगाम दोघांना सारखाच पडेल.

घाटमाथा
कल्पना चांगली आहे, पण गूगल तुमच्या वेळापत्रकानं येत नाही. छोट्या साइटचं पान तो कधी दोन दिवसांनी वाचतो, कधी तीन आठवड्यांनी. तुम्ही नवं ठेवलेल्या आठवड्यात शोधात जुनंच दिसत असेल आणि तुम्ही त्याचे क्लिक नव्याच्या खात्यात लिहाल. महिना-महिना ठेवलं तर एक वेळ जमेल, पण मग हंगाम पुन्हा आत शिरतो.

त्यावरून माझा पहिला प्रश्न पुन्हा. भुईकाटा, नवं शीर्षक दिसतंय का? युआरएल इन्स्पेक्शनमध्ये पान टाका. शेवटचा क्रॉल कधी झाला ते कळेल आणि क्रॉल केलेला एचटीएमएल उघडून त्यात `<title>` नवा आहे का तेही दिसेल. पण तेवढ्यावर थांबू नका. गूगलनं वाचलं म्हणजे तो तेच दाखवतो असं नाही. तो कधी `<h1>` उचलतो, कधी दुसऱ्या पानांनी लिंक देताना वापरलेले शब्द. खासगी खिडकीत खरी क्वेरी टाकून मोबाइलवर बघा, आणि दोन-तीन वेगवेगळ्या क्वेऱ्यांना बघा.

भुईकाटा
इन्स्पेक्शन: शेवटचा क्रॉल ९ मे, शीर्षक नवंच आहे. शोधून बघितलं. "हळद एकरी बेणे" टाकलं तर नवं दिसतं. "हळद लागवड" टाकलं तर "हळद लागवड संपूर्ण माहिती" दिसतंय! हे जुनं आलं कुठनं?

घाटमाथा
पानातला `<h1>` बदललात का?

भुईकाटा
नाही. :| तो जुनाच आहे.

घाटमाथा
मग तिथूनच. शीर्षक एक सांगतंय आणि पानावरचं मोठं अक्षर दुसरं, अशा वेळी गूगल स्वतःच्या मनानं निवडतो. तुमच्या ६,००० इम्प्रेशनच्या गटापुरती चाचणी बहुधा झालीच नाही. त्या लोकांनी नवं शीर्षक पाहिलेलंच नाही. २.० वरून २.१ का, याचं उत्तर कदाचित एवढंच.

आकडेबहाद्दर
हे भारी आहे. तीन दिवस आपण न झालेल्या चाचणीचं पोस्टमॉर्टेम करतोय.

नाना मिरजकर
आणि मी भडंगाच्या दोन पुड्या संपवल्या.

वाईकर
मी काय म्हणत होतो? टायटल क्लिअर नाही.

कोरेगावचं आलं
वाईकरांना लाइक. बाय द वे, आमच्याकडं काही जण शीर्षक रोमनमध्ये ठेवतात, "Ginger farming" वगैरे, आणि मजकूर मराठीत. तसं चालतं का?

घाटमाथा
शीर्षकाची लिपी किंवा भाषा पानातल्या मजकुराशी जुळत नसेल तर गूगल शीर्षक बदलण्याची शक्यता वाढते. चाचणी करायची असेल तर ते टाळा. शीर्षक, `<h1>` आणि मजकूर तिन्ही एकाच भाषेत.

तासगावची मनुका
आता मूळ प्रश्न. ३५ पानं बदलू का? सगळी एकदम नको. सगळी बदलली की तुलनेला काही उरतच नाही. ३६ पानांच्या १८ जोड्या करा. जोडी लावताना इम्प्रेशन बघाच, पण आधी हंगाम बघा. हळदीला आलं. सोयाबीनला भुईमूग. गव्हाला हरभरा. द्राक्ष छाटणीला सोयाबीन लावलं तर ऑक्टोबरची फळछाटणी आली की एक पान उसळेल, दुसरं झोपेल, आणि तुम्ही पुन्हा इथं याल.

प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा. छापा आला तर पहिलं पान बदलायचं, काटा आला तर दुसरं. स्वतः निवडू नका. माणूस हटकून तेच पान निवडतो जे नुकतंच पडलेलं असतं, आणि पडलेलं पान आपोआप थोडं सावरतंच. शीर्षक आणि `<h1>` दोन्ही बदला, १८ पानांचा क्रॉल झालेला दिसेपर्यंत थांबा, मग २८ दिवस मोजा. शेवटचे तीन दिवस लगेच धरू नका, ताजा डेटा नंतर बदलतो.

पण हे सुरू करण्याआधी एक खोटी चाचणी करा. नाणं उडवून गट पाडलेत ना, ते गट मागच्या महिन्यांवर लावा, जेव्हा काहीच बदललेलं नव्हतं. २८ दिवसांची एक खिडकी, तिच्यापुढची दुसरी, असं सहा वेळा. दरवेळी बघा की "बदललेल्या" गटाचा सीटीआर दुसऱ्याच्या तुलनेत किती सरकला. काहीच केलेलं नसताना तो जितका हलतो, तितका तुमच्या साइटचा गोंगाट. खऱ्या चाचणीत त्याहून कमी फरक आला तर त्याच्यावर चहापण पिऊ नका.

आकडेबहाद्दर
नमुना किती मोठा लागेल ते मी सांगतो, आता जरा सांभाळून. सीटीआर ३ टक्के असेल आणि ३ चा ३.३ झालेला पकडायचा असेल तर प्रत्येक गटाला ५०,००० च्या वर इम्प्रेशन लागतात. ३ चा ३.६ पकडायचा असेल तर १३-१४ हजारांत भागतं. हा पुस्तकी हिशेब आहे, प्रत्येक इम्प्रेशन स्वतंत्र धरून. खरा डेटा जास्त हलतो, त्यामुळं दुप्पट धरा. भुईकाटा, ३६ पानांचं महिन्याचं एकूण किती भरतं?

भुईकाटा
सगळं मिळून ९०,००० च्या आसपास. त्यात हळद एकटी १४,०००.

आकडेबहाद्दर
म्हणजे गटाला ४५,०००. दहा टक्क्यांची वाढ सापडणार नाही, वीस टक्क्यांची सापडेल.

तासगावची मनुका
बरोबर, पण हळद ज्या गटात जाईल त्या गटाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तीच असेल. हळद वर गेली की गट वर. म्हणून बेरजेबरोबर मोजदादही करा. १८ जोड्यांपैकी किती जोड्यांत बदललेलं पान जास्त सुधारलं? नुसतं नशीब असेल तर ९ च्या आसपास. १३ किंवा जास्त येणं नशिबानं शंभरात पाच वेळाच होतं. या मोजणीत हळदीचं मत एक आणि जवसाचंही एकच.

घाटमाथा
आणि हळदीचं पान या फेरीत घेऊच नका. ते आधीच अर्धवट बदललंय. आल्यालाही जोडीदार उरत नाही, म्हणजे १७ जोड्या.

तासगावची मनुका
तेही खरं. मग १३ चाच आकडा धरा, १७ मध्ये तो आणखी कडक होतो.

भुईकाटा
खोटी चाचणी आत्ता शीटमध्ये करून बघितली, १७ जोड्यांवर, सहा खिडक्या. काहीही न बदलता दोन गटांतला फरक असा आला: +४, −९, +२, −३, +७, −५ टक्के. म्हणजे ९ टक्क्यांपर्यंत माझी साइट झोपेतच हलते.

कंदी पेढा
आणि मी १८ क्लिकवर घरच्यांना पार्टी दिली होती.

नाना मिरजकर
पेढ्याचीच दिली असेल, खर्च कुठं झाला.

भुईकाटा
शेवटचा प्रश्न. हळदीचं शीर्षक जुनं करू की नवंच ठेवू?

घाटमाथा
जुनं करा आणि बघा, परत पडतं का ते.

तासगावची मनुका
आत्ता जुनं केलंत तर पडेलच, कारण जूनअखेर बेण्याचे शोध ओसरतात. आणि मग ते शीर्षकामुळं पडलं असं वाटेल. नवं ठेवा, `<h1>` त्याच्याशी जुळवा आणि आजची तारीख शीटमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वर्षी याच आठवड्यांत "हळद लागवड" या एकाच क्वेरीचा सीटीआर बघा. ती क्वेरी मोठी आहे आणि दिसते. पोझिशन ९ च्या जवळ राहिली तरच तुलना करा.

घाटमाथा
वर्षभर थांबायचं?

तासगावची मनुका
हळद पण नऊ महिने थांबते की.

भुईकाटा
`<h1>` बदलला, १२ जून, दुपारी ४.१०. शीटमध्ये लिहिलं. खऱ्या फेरीसाठी जोड्यांचं नाणं पुन्हा उडवतोय, पहिलाच काटा. भुईमूग.